पिवळ्या विटेची भिंत

कपाटं जिच्यावर टांगली होती ती पट्टी भिंतीतून उपटली तेव्हा माझ्या मुलाचा एक पाय स्टुलावर होता, एक ओट्यावर, आणि उजवा हात कपाटाच्या आत. आधी कर्र असा आवाज आला, मग भिंतीचा गिलावा त्याच्या तोंडावर सांडला. तिन्ही कपाटं एकमेकांना स्क्रूने जोडलेली होती, त्यामुळे उजवीकडचं सुटलं ते मधल्याला घेऊन आलं आणि मधलं डावीकडच्याला. मुलगा पाठीवर पडला. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मी वेगळा ऐकला. डब्यांचा, दारांचा, काचेच्या बरण्यांचा एवढा गोंगाट होता, तरी तो आवाज वेगळा आला.

सून स्टूल धरून उभी होती. मधलं कपाट तिच्या खांद्यावर बसलं आणि ती ओट्याला घासत खाली गेली. मी दाराशी वाल सोलत बसले होते. उठले. माझे गुडघे धड नाहीत, पण त्या दिवशी उठले.

मुलाच्या छातीपासून खाली कपाट होतं. आतले डबे पालथे पडून डाळ, वाल, नागलीचं पीठ सगळं त्याच्या अंगावर. डोळे मिटलेले. सुनेने एका हाताने कपाटाची कड धरली, मी दुसरीकडून धरली. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा सुनेने ओरडून जोर लावला आणि ते बाजूला कलंडलं.

मुलाने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, शेगडीकडे पाहिलं.

"आये, गॅस बंद कर."

दूध तापत ठेवलेलं होतं. मी गॅस बंद केला.

आता ती कपाटं भिंतीवर कशी चढली ते सांगते.

माझा मुलगा हेच काम करायचा. मुरबाडच्या एका प्लायवूडच्या दुकानातर्फे किचन बसवायला जायचा. शहापूरकडे मुंबईच्या लोकांनी बंगले बांधलेत, शनिवारी येतात आणि सोमवारी जातात. त्या बंगल्यांत स्वयंपाक होत नाही, पण किचन लागतं. मुलगा सांगायचा, मी हसायचे. दुसऱ्यांची किती घरं त्याने लावली, आमच्या घरात मात्र लाकडी फळी होती आणि खिळ्याला अडकवलेला झारा होता. सून बोलायची नाही. बोलायची नाही म्हणजे दर आठवड्याला एकदाच बोलायची.

"सुताराच्या घरी बसायला पाट नसतो, तसं आमचं," ती भांडी घासता घासता म्हणायची.

"मी सुतार नाय, फिटर आहे," तो म्हणायचा.

"मग फिट करा ना काहीतरी."

शेवटी एका बंगल्यातली तीन कपाटं मालकिणीला रंग आवडला नाही म्हणून परत आली. दुकानदाराने ती मुलाला दिली. हिरवा रंग, कोवळ्या भातासारखा. सुनेला आवडला. मला रंगाचं काही नव्हतं. मी म्हटलं, "भिंतीला लटकवलेलं कपाट कशाला? वटवाघळं आहोत काय आपण? जमिनीवर ठेव."

"आये, तू मडक्यात जन्मलीस, मडक्यातच राहा," तो म्हणाला आणि ड्रिल मशीन काढली.

त्याचं काम मी बसून पाहिलं. दुसरं काय करणार. आधी त्याने पाण्याची नळी घेतली, पारदर्शक, लांब. एक टोक सुनेच्या हातात, एक त्याच्या. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबलं तिथे भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. मी विचारलं, फरशीपासून मोजलं असतं तर काय झालं असतं. तो म्हणाला, फरशी मोरीकडे उतरती आहे, फरशीवर भरवसा ठेवला तर कपाटही मोरीकडे जाईल. मग निळ्या पावडरची दोरी ताणून टिचकी मारली. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटली. त्या रेघेवर लोखंडाची लांब पट्टी बसवायची. ती पट्टी वरच्या बाजूला थोडी पुढे वळलेली असते. कपाटाच्या आत, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आकडे असतात. कपाट उचलायचं, आकडा पट्टीच्या वळलेल्या कडेवर अडकवायचा, झालं. पट्टी भिंतीला, कपाट पट्टीला. सगळं वजन पट्टीच्या स्क्रूंवर आणि भिंतीवर. आकड्याला दोन स्क्रू. एक फिरवला की कपाट वर-खाली होतं, दुसरा फिरवला की भिंतीला घट्ट चिकटतं.

"हे बरं आहे," मी म्हटलं. "चूक झाली तरी फिरवून नीट करता येते."

"म्हणून तर महाग आहे," तो म्हणाला.

डाव्या टोकापासून भोकं पाडायला सुरुवात केली. गिलाव्याची करडी भुकटी आली, मग लाल भुकटी आली. त्याने मान हलवली, स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी भोकात ठोकली, स्क्रू आवळला. शेवटी स्क्रू इतका घट्ट की दात खाऊन फिरवावा लागला. पुढचं भोक, पुन्हा लाल. भिंतीच्या मधोमध पोचला आणि भुकटी पिवळी यायला लागली. हळदीसारखी नाही, मातीसारखी पिवळी. मशीन एकदम आत गेली, लोण्यात सुरी जावी तशी.

त्याने मशीन बंद केली. बोटावर भुकटी घेतली. मला म्हणाला, "आये, ही बाची वीट."

मला ठाऊकच होतं. त्यालाही ठाऊक होतं. आमच्या घरी वीटभट्टी होती. भाताचं पीक निघालं की खाचरातच माती काढायची, विटा पाडायच्या, वाळवायच्या, भाताच्या तुसात भट्टी लावायची. पोरगा लहान असताना त्याच भट्टीवर विटा रचायचा. भट्टीच्या आतल्या विटा लाल पक्क्या होतात. बाहेरच्या थराला आच पुरत नाही, त्या पिवळ्या राहतात, नखाने खरवडल्या तरी झडतात. लाल विटा कल्याणच्या गाडीत जायच्या. घर बांधायला घेतलं तेव्हाही तसंच. डावीकडची अर्धी भिंत वरपर्यंत लाल विटांची उठली, मग गाडी आली, माझ्या मालकांनी, म्हणजे त्याच्या बाने, लाल विटा गाडीत भरल्या आणि उजवीकडची उरलेली भिंत पिवळ्या विटांची केली. वरून सिमेंटचा गिलावा जाड दिला, दिसायला एकसारखी. भट्टीवाल्या सगळ्यांची घरं अशीच आहेत. चांगली वीट घराला लावणारा भट्टीवाला मी पाहिला नाही.

"मग?" सून म्हणाली. "नाय बसणार काय?"

"बसंल. लांब स्क्रू लावतो."

त्याने लांब गिट्ट्या आणल्या, लांब स्क्रू आणले. उजव्या टोकाचा एक स्क्रू तरीही नुसता गरगर फिरायला लागला, आवळेच ना. त्याने तो काढला, गिट्टीत बांबूची काडी घातली आणि पुन्हा फिरवला. या वेळी आवळला. मग खात्रीसाठी शेजारी आणखी एक भोक पाडून आणखी एक स्क्रू लावला. पट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. हलली नाही. कामात तो आळशी नव्हता. लोकांच्या घरी लावायचा तसंच इथे लावलं, उलट एक स्क्रू जास्त.

त्याने आणि सुनेने कपाट तिरकं उचललं, टक् टक् करून आकडे पट्टीवर बसले. तिन्ही चढली. मग पाणसळ काढली, ती काचेच्या नळीची, आत बुडबुडा असलेली पट्टी. कपाटावर ठेवली. बुडबुडा थोडा डावीकडे. उजवीकडचा स्क्रू फिरवला, बुडबुडा सरकत मधल्या दोन रेघांच्या आत आला.

"बघ आये."

"बघितलं."

सून त्या दिवशी खूश होती. ओटा पुसला, कपाटं पुसली, शेजारणीला बोलावून दारं उघडून दाखवली. दारं आपोआप हळू बंद होतात याचं शेजारणीला फार नवल. तिने इतक्या वेळा उघडली की सून शेवटी म्हणाली, "अगो, झोळीतलं पोर हाय काय, झोके देतेस?"

सामान लावलं ते असं: शेगडी डावीकडे, म्हणून मसाले, चहा, साखर डावीकडे. रोज न लागणारं सगळं उजवीकडे. वर्षभराचे वाल, तूरडाळ, नागली, तेलाचा डबा, पितळेचा जुना हंडा. म्हणजे सगळ्यात जड ते पिवळ्या विटेवर. कोणी मुद्दाम केलं नाही. ज्याच्या घरी शेगडी डावीकडे असेल, त्याच्या घरी असंच लागेल.

पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी सुनेच्या लक्षात आलं की उजवीकडचं दार मधल्या दाराला घासतंय. मुलाने पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला होता. म्हणजे उजवं टोक खाली आलं होतं. त्याने आकड्याचा स्क्रू फिरवला, कपाट वर आलं, बुडबुडा मधोमध, दार मोकळं.

"नवीन माल बसतो थोडा," तो म्हणाला.

मला पटलं. नवीन घरही बसतं, नवीन चप्पलही बसते.

संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा दार घासलं. पुन्हा पाणसळ, पुन्हा स्क्रू, पुन्हा बुडबुडा मधोमध. या वेळी सुनेने विचारलं, "पट्टी तर नाय ना हलत?"

"पट्टी दिसते काय तुला? कपाटाच्या मागे आहे."

"दिसत नाय म्हणूनच विचारते."

"बघायची तर तिन्ही कपाटं उतरवायला लागतील. बुडबुडा बघ, बरोबर आहे ना?"

बुडबुडा बरोबर होता. स्क्रू फिरवला की तो बरोबर येणारच. पट्टी भिंतीत जेवढी खाली सरकली तेवढं कपाट मुलगा वर उचलत होता, आणि पाणसळ ठेवून पाहिली की सगळं सरळ दिसत होतं. हे आम्हाला नंतर कळलं, त्यानेच सांगितलं.

शेवटचा दिवस फाल्गुनातला. बाहेर सिद्धगडाच्या बाजूला वणव्याचा धूर दिसत होता. त्याला शहापूरला एका बंगल्यावर जायचं होतं. निघता निघता सून म्हणाली, दार पुन्हा घासतंय, आता उघडतही नाही.

"आल्यावर बघतो."

"गेल्या आठवड्यापासून आल्यावरच बघताय. उद्या पाहुणे येणार, त्यांना काय दाखवू, बंद दार?"

त्याने स्टूल ओढलं. सून म्हणाली, "थांबा, डबे काढते आधी."

"दोन मिन्टांचं काम आहे गो. डबे काढ, परत लाव, त्यातच दुपार होईल."

तो चढला. पाणसळही ठेवली नाही. डाव्या हाताने कपाट खालून उचलून धरलं आणि उजवा हात आत घालून स्क्रू फिरवायला लागला. "संपला," तो म्हणाला. म्हणजे स्क्रूची फिरकी संपली होती, आणखी वर जाणार नव्हता. त्याने कपाट आणखी जरा उचलायला जोर लावला. पुढचं मी सांगितलं आहे.

गॅस बंद केल्यावर मी त्याला बसवलं. डोक्याला मागे टेंगूळ, रक्त नाही. सुनेचा डावा खांदा खाली लोंबत होता, तिचा चेहरा चुन्यासारखा. तो उठून भिंतीपाशी गेला. आम्ही दोघी त्याला बस म्हणत होतो आणि तो भिंत बघत होता.

पट्टीचं डावं टोक अजून भिंतीत होतं. तिथली लाल वीट स्क्रूला सोडायला तयार नव्हती, पट्टीच वाकली होती. उजवं टोक पडलेल्या कपाटाच्या मागे आकड्याला तसंच लटकलेलं. त्याला स्क्रू जसेच्या तसे, स्क्रूला गिट्ट्या जशाच्या तशा, बांबूची काडीसुद्धा. त्यांच्याभोवती पिवळी भुकटी चिकटलेली. भोकं गोल राहिली नव्हती, खालच्या बाजूला ओढत ओढत लांबट झाली होती. त्याने एका भोकात बोट घातलं. पूर्ण आत गेलं.

"बघ," तो सुनेला म्हणाला. "रोज थोडी थोडी खाली येत होती. मी स्क्रू फिरवून कपाट वर घेत होतो. वर घेऊ नये, का खाली आलं ते बघावं."

"ते जाऊ दे. मुरबाडला चला, डोकं दाखवा."

"तू जा. तुझा खांदा मोडलाय. मला काय नाय झालं."

शेजारच्या पोराच्या गाडीवर सुनेला पाठवलं. तो म्हणाला, मी इथे आवरतो. तिने दोनदा मागे वळून त्याला हाक मारली. तो हात हलवून "जा" म्हणाला.

त्याने खरंच आवरलं. काचा गोळा केल्या, डाळ सुपात भरली. मी भाकरी वाढली, अर्धी खाल्ली. भिंतीकडे बघत मला म्हणाला, इथे पट्टी चालणारच नाही. ही अर्धी भिंत काढून लाल विटेची करायची, नाहीतर खालून जमिनीवर उभी लोखंडी फ्रेम करायची आणि कपाटांचं वजन तिच्यावर घ्यायचं. भिंतीला फक्त टेकवायचं. त्याने पेन्सिलीने ओट्यावर फ्रेम काढून दाखवली.

"म्हणजे जमिनीवरच ठेवायचं," मी म्हटलं.

"हो. तुझंच खरं. आता गावभर सांगू नको."

मग डोकं दुखतंय म्हणाला आणि पडवीत आडवा झाला. मी म्हटलं झोपू नको. तो म्हणाला, जरा पडतो.

सून परत आली तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तिने त्याला हलवलं. त्याने डोळे उघडले, पण एक डोळा नीट उघडला नाही. मग तो ओकला. तिने त्याला दोनदा हाक मारली, त्याने तिला माझी बहीण समजून उत्तर दिलं. ती धावत रस्त्यावर गेली आणि तिने जीप अडवली.

मुरबाडला डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती मारून पाहिली आणि म्हणाले, डोक्याच्या आत रक्त साचतंय, इथे होणार नाही, कल्याणला न्या, वेळ घालवू नका. पडल्यावर माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, जेवतो आणि मग असं होतं, असंही म्हणाले. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. गाडी त्यांनीच मिळवून दिली.

गाडीत त्याचं डोकं सुनेच्या मांडीवर होतं. तिचा एकच हात चालत होता, त्या हाताने ती त्याचं डोकं धरून होती. मी पायाशी. रस्त्यात खड्डे होते, ड्रायव्हर जपून चालवत होता आणि सून त्याला सांगत होती, "जपू नका, पळवा." मुलगा घोरल्यासारखा श्वास घेत होता. गोवेलीच्या पुढे ते घोरणं थांबलं. मला वाटलं, बरं वाटतंय म्हणून थांबलं. सुनेला कळलं होतं. ती ड्रायव्हरला पळवा म्हणायची थांबली.

भिंत मी पाडून घेतली. पिवळ्या विटा गावातल्या पोरांनी नेल्या, गोठ्याच्या कडेला लावल्या. नवी भिंत लाल विटांची आहे, पण तिच्यावर काही टांगलेलं नाही. कपाटं दुकानदाराने विचारली तेव्हा सुनेने देऊन टाकली. फ्रेम केली नाही. सून आता मुरबाडला एका कारखान्यात पॅकिंगला जाते, डावा हात खांद्याच्या वर जात नाही म्हणून खालच्या टेबलावर बसवतात. स्वयंपाक मी करते. डबे जमिनीवर आहेत.

त्या सकाळी स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. सून जगली आणि मी जगले.